धनगर, धनगड आणि अनुसूचीचे निकष

४ ऑक्टोबर २०२४ रोजी विधानसभेचे तत्कालीन उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी काही आदिवासी आमदारांसह मंत्रालयातल्या संरक्षक जाळीवर उडी मारली. पेसा कायदा लागू असलेल्या आदिवासी क्षेत्रातली रखडलेली भरती हे एक कारण होते, आणि धनगरांना अनुसूचित जमातीचे दाखले देऊ नयेत ही दुसरी मागणी. त्याच सुमारास धनगर कार्यकर्ते, यादीतले ‘धनगड’ म्हणजे आपणच, लिहिताना ‘र’चा ‘ड’ झाला, असे म्हणत त्याच दाखल्यांसाठी ठिकठिकाणी उपोषणाला बसले होते. दोन्ही बाजूंची भाषणे ऐकली तर एक पक्ष ‘र’ आणि ‘ड’ या अक्षरांचा हिशेब मांडताना दिसतो आणि दुसरा म्हणतो, ज्यांच्यात होळकर झाले ते आदिवासी कसे? हा वाद दोन्हीकडून चुकीच्या मुद्द्यांवर लढला जातो आहे. माझे मत आधीच सांगतो. ‘धनगर’ हे नाव इतके मोठे आणि इतके मिश्र आहे की ते एकगठ्ठा अनुसूचीत घालणे चूक आणि एकगठ्ठा बाहेर ठेवणेही चूक. धनगरांतला कोणता समूह, कोणत्या कसोटीवर, हा खरा प्रश्न आहे. तो कोणी विचारत नाही, कारण आपल्याकडच्या कसोट्या १९६५ सालच्या आहेत आणि त्या लावणारी प्रक्रिया बंद दाराआड चालते. कसोटीवर बोलता येत नाही म्हणून लोक अक्षरावर बोलतात.

आधी ते अक्षर पाहू. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत ३६ व्या क्रमांकावर ‘ओरांव, धनगड’ अशी नोंद आहे. ओरांव ही मूळची छोटा नागपूरची, कुडुख बोलणारी जमात. मजुरीसाठी बाहेर पडलेल्या ओरांवांना तिकडे धांगड म्हणत. विदर्भ जुन्या मध्य प्रांतात होता, त्यामुळे तिकडच्या यादीतली ही नोंद पुनर्रचनेत विदर्भाबरोबर आपल्याकडे आली. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या याद्यांतही धनगड हे ओरांवाच्याच ओळीत आहे. शिवाय १९७६ पर्यंत या याद्यांना क्षेत्रमर्यादा होती. विदर्भातल्या बऱ्याच जमाती मेळघाट, गडचिरोली, सिरोंचा, केळापूर, वणी, यवतमाळ अशा मोजक्या तालुक्यांपुरत्याच अनुसूचित मानल्या जात. म्हणजे यादी करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर माण, फलटण, सांगोल्याचा मेंढपाळ होता आणि टंकलेखकाने ‘र’चा ‘ड’ केला, ही गोष्ट कागदांवर टिकत नाही. चूक झाली असती तर ती ओरांवाच्या शेजारी कशाला झाली असती?

मग सगळे आंदोलन ‘राज्यात धनगड नावाचा माणूसच नाही’ या एका वाक्याभोवती का फिरते? याचे उत्तर १९६४ च्या एका निकालात आहे. तेव्हाच्या म्हैसूर राज्याच्या अनुसूचित जातींच्या यादीत ‘भोवी’ हे नाव होते, पण पुनर्रचनेपूर्वीच्या म्हैसुरात भोवी नावाची जात सापडेना. राष्ट्रपतींनी ज्याला भोवी म्हटले ती जात कोणती, हे शोधण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने बसवलिंगप्पा खटल्यात पुरावा ऐकण्यास मुभा दिली आणि ती वड्डर निघाली. यादीतले नाव रिकामे असेल तरच त्या नावामागे कोण आहे हे विचारता येते, अशी ही अगदी अरुंद फट. तिच्यातून आत जायचे तर यादीतली जमात अस्तित्वातच नाही हे सिद्ध करावे लागते. गोवारींनी हाच मार्ग धरला होता. २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपुरात विधिमंडळावर गेलेल्या त्यांच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसे मेली. पुढे २०१८ मध्ये नागपूर खंडपीठाने मान्य केले की ‘गोंड गोवारी’ ही यादीतली जमात १९११ पूर्वीच लोप पावली होती, तेव्हा त्या नावाने गोवारीच अभिप्रेत असले पाहिजेत. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. धनगरांची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये फेटाळली, तीही याच वळणावर. जे हक्क मागतात त्यांना दुसऱ्या एका समूहाचे अस्तित्व नाकारावे लागते, आणि मग कोणाच्या तरी दाखल्यावर ‘धनगड’ लिहिलेले सापडले की त्या कुटुंबामागे ससेमिरा लागतो. इतकी विचित्र लढाई दुसऱ्या कोणत्या हक्कासाठी होत असेल?

न्यायालये यात ताठर आहेत हे खरे, पण त्यांची बाजू मला पटते. राज्यघटनेच्या ३४२ व्या कलमानुसार राष्ट्रपती राज्यपालांशी विचारविनिमय करून एखाद्या राज्यापुरती यादी जाहीर करतात. ती एकदा निघाली की नाव घालणे किंवा काढणे फक्त संसदेने कायदा करून होते. सप्टेंबर १९४९ मध्ये हे कलम मांडताना डॉ. आंबेडकरांनी कारणही सांगितले होते: यादीत फेरफार करताना राजकारणाला वाव राहू नये. राज्य सरकारच्या हाती ही लेखणी दिली तर काय होते ते हलबा-कोष्टींच्या प्रकरणात दिसले. यादीत ‘हलबा, हलबी’ आहे. विणकर कोष्टी त्यातच येतात असे परिपत्रकांच्या आणि जुन्या निकालांच्या आधारे मानले जात होते, दाखले दिले जात होते. नोव्हेंबर २००० मध्ये घटनापीठाने मिलिंद खटल्यात सांगितले की यादी जशी आहे तशीच वाचायची. तिच्यात पोटजात, समानार्थी नाव किंवा उपगट घुसवण्याचा अधिकार ना राज्याला, ना न्यायालयाला. या कडकपणाची किंमत मोठी आहे. पिढीभर ज्या दाखल्यावर नोकरी केली तो एका दिवसात निकामी होतो. तरी पर्याय काय? २०२३ च्या मार्चमध्ये मणिपूरच्या उच्च न्यायालयाने मैतेई समाजाला अनुसूचित जमातींत घेण्याच्या शिफारशीचा विचार करा असे राज्य सरकारला फर्मावले, आणि ३ मेला डोंगरी जिल्ह्यांत त्याविरुद्ध निघालेल्या मोर्चांपासून जो भडका उडाला तो सगळ्यांनी पाहिला. त्या हिंसेला इतर कारणेही होती. पण यादीचा प्रश्न न्यायालयाच्या एका परिच्छेदाने सुटत नाही, हे त्यातून कळायला हरकत नाही. पुढच्याच फेब्रुवारीत त्या न्यायालयाने तो परिच्छेद स्वतःच वगळला.

यावर धनगर कार्यकर्ता रास्त प्रश्न विचारेल: न्यायालय नाही, राज्य सरकार नाही, तर मग जायचे कुठे? कागदावर रस्ता आहे. १९९९ मध्ये केंद्राने कार्यपद्धती ठरवली. राज्य सरकारने मानववंशशास्त्रीय अहवालासह शिफारस करायची, ती केंद्राच्या आदिवासी मंत्रालयामार्फत भारताच्या महानिबंधकांकडे, म्हणजे जनगणना करणाऱ्या कार्यालयाकडे, जाते. त्यांनी होकार दिला तर राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगाकडे, मग मंत्रिमंडळ, मग संसदेत विधेयक. महानिबंधकांनी नकार दिला तर प्रस्ताव राज्याकडे परत येतो. पुन्हा पाठवला आणि पुन्हा नकार आला की केंद्र तो फेटाळू शकते. म्हणजे सगळी कळ महानिबंधकांच्या हाती. आणि ते कशावर मोजतात? लोकूर समितीच्या पाच निकषांवर.

विधी सचिव बी. एन. लोकूर यांच्या समितीने १९६५ मध्ये हे निकष दिले: आदिम गुणलक्षणांच्या खुणा, वेगळी संस्कृती, भौगोलिक अलगपणा, बाहेरच्या समाजाशी संपर्काचा बुजरेपणा आणि मागासलेपणा. ते घटनेत नाहीत, कोणत्या कायद्यातही नाहीत. ३६६ व्या कलमातली व्याख्या एवढेच म्हणते की ३४२ खाली जी जाहीर होईल ती अनुसूचित जमात. निकषांचा सूर १९३१ च्या जनगणनेचा आहे. तेव्हाचे जनगणना आयुक्त हटन ‘आदिम जमाती’ मोजत होते, १९३५ च्या कायद्याने ‘मागास जमाती’ म्हटले, आणि १९५० ची पहिली यादी बव्हंशी त्याच नोंदींवर उभी राहिली. साठ वर्षांपूर्वी डांबरी रस्ता नसलेल्या पाड्याला ‘अलग’ म्हणणे समजू शकते. पण बुजरेपणा कसा मोजणार? आश्रमशाळेत शिकून तहसील कार्यालयात भांडणारी कातकरी मुलगी बुजरी नाही म्हणून तिची जमात जमात राहिली नाही काय? हे निकष माणसाला कायम मागे उभे राहायला सांगतात. त्यांचीच सावली जात-पडताळणीच्या ‘आप्तभाव’ चाचणीवर पडते. तुमचे कुलदैवत कोणते, लग्नात कोणता विधी, बोलीत अमुक शब्दाला काय म्हणतात, असे प्रश्न पुण्यात जन्मलेल्या ठाकूर मुलाला विचारले जातात आणि उत्तर चुकले की संशय. ही चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाला २०२३ मध्ये ठाकूर जमातीच्याच प्रकरणात ठणकावून सांगावे लागले. हे निकष कालबाह्य आहेत असे केंद्राच्या स्वतःच्या कृतिगटाने २०१४ मध्ये नोंदवले होते. निकष तसेच राहिले.

आणि निदान ते सर्वांना सारखे लागतात म्हणावे, तर तेही नाही. हिमाचलच्या सिरमौर जिल्ह्यातल्या गिरीपार भागातले हाट्टी घ्या. नदीपलीकडचा जौनसार-बावर १९६७ पासून अनुसूचित, मग आम्ही का नाही, ही त्यांची जुनी मागणी. ‘हाट्टी’ हे एका जमातीचे नाव नसून हाटाला येणाऱ्यांचे सामूहिक नाव आहे, अशा कारणांनी महानिबंधकांनी ती एकदा नव्हे, अनेकदा नाकारली. मग निवडणुकीच्या तोंडावर होकार आला आणि २०२३ मध्ये कायदा झाला. त्यात गिरीपारचे ब्राह्मण, राजपूतही आले. पुढे हिमाचलच्या उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली ती गोष्ट वेगळी. जम्मू-काश्मीरमध्ये २०२४ मध्ये पहाडी भाषक समूह जमात ठरला. गुज्जर-बकरवालांनी केलेला विरोध वाया गेला. महानिबंधकांचा आधीचा नकार का होता आणि नंतरचा होकार का आला, हे जाहीरपणे समोर मांडले जात नाही. मग माणच्या मेंढपाळाने काय समजायचे? हेच की नियम काही नाही, रेटा हवा.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. धनगरांचे राज्य होते म्हणून ते जमात नाहीत, हा युक्तिवाद करणाऱ्यांनी आपल्याच जिल्ह्यांचा इतिहास आठवावा. जव्हारचे मुकणे घराणे महादेव कोळ्यांचे. त्यांचे संस्थान १९४८ पर्यंत होते. चंद्रपूर आणि देवगडला गोंड राजे होते, नागपूर वसवणारा बख्त बुलंद शाह गोंडच. राजघराणे असणे ही जमात नसल्याची खूण असती तर गोंडांनाच यादीबाहेर काढावे लागले असते. धनगर हिंदू देवांना भजतात, हाही मुद्दा निरर्थक. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाहीच.

आदिवासी संघटनांचा खरा, आणि माझ्या मते न टाळता येणारा, आक्षेप वेगळा आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जमातींना सात टक्के आरक्षण, विधानसभेच्या २५ आणि लोकसभेच्या चार जागा. धनगर आज भटक्या जमाती ‘क’ मध्ये साडेतीन टक्क्यांवर आहेत. त्या प्रवर्गात शिक्षण-नोकरी आहे, विधानसभेची जागा नाही. राज्यभर पसरलेला, साखर कारखान्यांपासून मंत्रिमंडळापर्यंत पोचलेला समाज या २५ जागांच्या स्पर्धेत उतरला तर कातकरी आणि कोलामांच्या वाट्याला काय उरेल? आकडाही समोर आहे. १९७१ मध्ये राज्यात सुमारे साडेएकोणतीस लाख अनुसूचित जमातीचे लोक होते, १९८१ मध्ये पावणेअठ्ठावन्न लाख. दहा वर्षांत कोणतीही लोकसंख्या नैसर्गिकपणे दुप्पट होत नाही. १९७६ च्या कायद्याने क्षेत्रमर्यादा उठली आणि नामसाधर्म्यावर गर्दी झाली. मर्यादा उठवण्यामागचा हेतू चांगलाच होता. जुन्नरचा महादेव कोळी हडपसरला राहायला गेला म्हणून त्याचे आदिवासीपण संपू नये. पण फायदा कोणी घेतला ते आदिवासींनी भोगले आहे. शिवाय एक गोष्ट भाषणांत क्वचित येते. जमीन महसूल संहितेच्या ३६ अ कलमाने आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे जाण्यावर बंधन आहे. उद्या मोठा, सधन घटक असलेला समूह अनुसूचित झाला की तो खरेदीदार कायद्याच्या लेखी आदिवासीच. मग ते कलम कोणापासून कोणाचे रक्षण करणार? तेलंगणात लंबाडा १९७६ मध्ये यादीत आल्यापासून आदिलाबादच्या गोंडांची नेमकी ही तक्रार आहे. तेच बंजारा महाराष्ट्रात विमुक्त जातीत, कर्नाटकात अनुसूचित जातीत. इकडचे बंजारा आता हैदराबाद गॅझेटचा दाखला देऊन जमातीचे स्थान मागताहेत. नाव, गॅझेट, अक्षर: दावा करण्याची रीत तीच.

म्हणून सरसकट समावेशाला माझा विरोध आहे. पण इथेच थांबणारे ज्या धनगरांना विसरतात, त्यांच्याबद्दल बोलायला हवे. धनगर ही एक जात नाही. हटकर, खुटेकर, गवळी, झेंडे असे आपापसातच लग्ने करणारे अनेक गट त्या नावाखाली आहेत आणि त्यांचे जगणे वेगवेगळे. हटकर कोरड्या माळावर मेंढ्या घेऊन फिरतात, खुटेकर लोकर विणत आले. गवळी धनगर मेंढ्या पाळतच नाहीत. धो धो पावसाच्या सह्याद्रीच्या माथ्यावर, कोयना, चांदोली, राधानगरीच्या जंगलात, चार-दहा घरांच्या धनगरवाड्यांत म्हशी राखून ते राहतात. आजही काही वाड्यांवरून आजारी माणसाला डोलीत घालून खाली आणावे लागते. कोयना धरणाने त्यांना उठवले, मग अभयारण्याने, मग चांदोली राष्ट्रीय उद्यानाने. आता तेच जंगल सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. बुजरेपणासारखे निकष बाजूला ठेवा, अलगपणा, वेगळेपण आणि वंचना हे तीन लावले तरी हा समूह अनुसूचीत असलेल्या कित्येक समूहांपेक्षा सरस उतरेल.

आणि त्यांना या दर्जाचा उपयोग विधानसभेसाठी नको आहे. वनहक्क कायदा २००६ पाहा. अनुसूचित जमातीच्या माणसाने १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा वनजमिनीचा ताबा दाखवला की तो दावेदार. इतर पारंपरिक वननिवासींना मात्र त्या तारखेआधीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, वास्तव्य दाखवावे लागते. ज्यांच्या वाड्या चराईमागे हलत राहिल्या, धरणाने बुडाल्या, वनखात्याने उठवल्या, त्या गवळी धनगराने १९३० चा कागद आणायचा कुठून? एकाच डोंगरावर, एकाच जंगलात, शेजारच्या महादेव कोळ्याला जे मिळते ते त्याला मिळत नाही, ते या एका ओळीमुळे. गोव्यात हे आणखी ठळक आहे. २००३ मध्ये तिथे गावडा, कुणबी आणि वेळीप अनुसूचित झाले. रानात राहणारा धनगर-गवळी मागे राहिला आणि गोवा सरकारच्या शिफारशी महानिबंधकांच्या शंकांसह परत येत राहिल्या.

समाज फोडता काय, असे यावर म्हटले जाईल. आक्षेप हलका नाही, कारण जी काही ताकद आहे ती एकजुटीची आहे. पण यादीने हे आधीच, आणि बऱ्याच अंशी शहाणपणाने, केले आहे. कोळी महादेव, कोळी मल्हार, ढोर कोळी अनुसूचित आहेत; वेसाव्याचा, वरळीचा सोनकोळी नाही. कोळी हे नाव सामाईक आहे म्हणून सोनकोळ्याला कोणी जमात म्हटले नाही, आणि सोनकोळी पुढारला म्हणून अकोले तालुक्यातल्या महादेव कोळ्याला कोणी वगळले नाही. धनगरांच्या बाबतीत हाच न्याय लावायला अडचण कोणती? राज्य सरकारने पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेकडून समस्त ‘धनगर’ नावाचा नव्हे, एकेका गटाचा अहवाल करून घ्यावा: लग्नसंबंध कोणाशी, जमीन आणि जंगलाशी नाते काय, विस्थापन किती, शाळा आणि दवाखाना किती दूर. तो लोकांसमोर ठेवावा, आदिवासी संघटनांना त्यावर हरकती घेऊ द्याव्यात. महानिबंधकांनी होकार असो वा नकार, कारणांसह प्रसिद्ध करावा. आणि गट यादीत आलाच तर त्याचा वाटा वेगळा ठेवावा, म्हणजे कातकऱ्याच्या ताटातले जाणार नाही. ऑगस्ट २०२४ च्या दविंदर सिंग निकालाने अनुसूचित जातींत उपवर्गीकरण वैध ठरवले आहे. तोच तर्क जमातींना लावण्याचा विचार तरी सुरू व्हावा.

यातले काहीही करायला घटनादुरुस्ती लागत नाही. पहिला अहवाल तर मुंबईतल्या एका शासन निर्णयावर निघू शकतो. तो निघत नाही याचे कारण कायद्यात नाही. गवळी धनगरांच्या वाड्या सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगडच्या डोंगरांवर इतक्या विखुरलेल्या आहेत की त्यांच्या मतांनी एकही मतदारसंघ फिरत नाही. ‘सर्व धनगर’ म्हटले की कित्येक मतदारसंघ फिरतात, आणि ‘एकही धनगर नको’ म्हटले की राखीव असलेले २५.